मेलला 'नोटेड' येतं, मंजुरी येत नाही

"हिंगणा एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या युनिटमध्ये कोऑर्डिनेशन बघतो. पुण्याच्या कस्टमरला ड्रॉइंगच्या मंजुरीसाठी मेल टाकला की 'नोटेड' एवढंच येतं. मेल तर पाच-सहा ओळींचाच असतो. चुकतंय कुठं?"

भाऊ, 'नोटेड' आलं म्हणजे मेल माहिती म्हणून वाचला गेला. लांबी ठीक आहे, क्रम उलटा असणार. आपल्याकडचे असे मेल साधारण असे असतात:

"नमस्कार सर, सोमवारी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार आपण सुचवलेला बदल आमच्या डिझाइन विभागाने केला आहे. बसबारचं कटिंग शुक्रवारी घ्यायचं ठरलं आहे. सुधारित ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. कृपया पाहून कळवावे."

साहेब साइटवर असतात, मोबाइलवर विषय आणि मजकुराची सुरुवात तेवढी दिसते. इथे ती सोमवारच्या फोनवरच संपली. शेवटचं 'पाहून कळवावे' तर कुणालाच बांधत नाही. काय कळवायचं, कधीपर्यंत?

हाच मेल मी असा लिहीन:

विषय: पॅनल २, ड्रॉइंग आर२: गुरुवार १२ तारखेपर्यंत मंजुरी हवी

"नमस्कार सर,
सोबतच्या आर२ ड्रॉइंगला गुरुवारी (१२ तारीख) दुपारी ४ पर्यंत मंजुरी द्यावी.
शुक्रवारी सकाळी बसबार कापले जातील, त्यानंतर इनकमरची जागा बदलता येणार नाही.

बदल एकच: केबल खालून येत असल्याने इनकमर खाली घेतला. पान ३ वर क्लाउडने मार्क केला आहे. बाकी सगळं आर१ प्रमाणेच.
मान्य असल्यास 'आर२ मंजूर' एवढं उत्तर पुरे."

पहिल्या ओळीत कृती, कशावर आणि कधीपर्यंत. दुसऱ्या ओळीत त्या वेळेचं कारण, तेही त्यांच्या बाजूने. 'अर्जंट' लिहून काही होत नाही, सगळेच लिहितात. बसबारचं तांबं कापल्यावर बदल होणार नाही, हे मात्र इंजिनिअरला लगेच कळतं. नुसता वार न लिहिता तारीखही टाका, मेल दोन दिवसांनी उघडला तर 'गुरुवार' कोणता हा घोळ होतो. सोमवारचा फोन काढून टाकला तरी काही अडलं नाही, बघा.

'टू'मध्ये तिघे असतील तर सुरुवात नावाने करा, बाकीच्यांना सीसीत ठेवा. नाहीतर प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. जुनी साखळी फॉरवर्ड करताना 'खालील मेल पाहावा' लिहून सोडू नका. मागणी वर पुन्हा लिहा. अनोळखी माणसाला पहिलाच मेल असेल तर आपण कोण हे अर्ध्या ओळीत आधी सांगावं लागतं, तेवढी सूट.

आता उत्तर काय येतं ते बघा. 'कोणतं ड्रॉइंग?' आलं तर पहिल्या ओळीत आवृत्ती राहिली. तारीख देऊनही 'बघतो' येत असेल, तर बहुधा सही त्यांच्या हातात नाही, कन्सल्टंटकडे आहे. मग मेलची रचना कितीही सुधारली तरी मंजुरी यायची नाही. फोन करून सही कोणाची ते विचारा आणि पुढचा मेल थेट त्यांच्या नावाने टाका.