कोॲक्सवरचा गोंगाट आणि चोक

तुमचा ४० मीटरचा डायपोल आहे आणि एलईडी दिवा लावला की रिसीव्हरमध्ये खरखर वाढते, म्हणताय. आधी एक तपासणी करा. कोॲक्स अँटेनापासून सोडवा आणि त्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड लावा. खरखर तरीही येत असेल, तर ती बहुधा केबलवरूनच येतेय आणि तिथे चोक, म्हणजे फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली केबल, कामाला येईल.

त्याचं काम असं चालतं. हवा असलेला सिग्नल मधल्या तारेतून जातो आणि शील्डच्या आतल्या बाजूने तेवढाच परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, त्यामुळे फेराइटच्या कड्याला सिग्नल जाणवतच नाही. घरातली खरखर मात्र शील्डच्या बाहेरून एकाच दिशेने वाहते. तिचं क्षेत्र खोडायला कोणी नसतं, म्हणून कडं तिलाच अडवतं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका दोन:

- एकच क्लिप-ऑन मणी लावून थांबणं. अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, दहा वेढ्यांना जवळपास शंभरपट. FT240-31 कड्यावर RG-58 चे दहा-बारा वेढे घ्या. भोकातून केबल जितक्या वेळा जाते, तितके वेढे मोजायचे.
- डीसी सप्लायची एकच तार कड्यातून नेणं. दोन्ही तारा एकत्रच गुंडाळा, नाहीतर चालू प्रवाहानेच कडं संपृक्त होतं.

डमी लोड लावल्यावर खरखर गेली, तर ती बहुधा अँटेनाच हवेतून पकडतेय. अशी खरखर सिग्नलसोबत आतून येते, चोक तिला अडवणार नाही. मग दिव्याचा ड्रायव्हरच बदला.