एक व्होल्टच्या सर्किटमध्ये ०.७ धरून चालत नाही
प्रश्न: डायोड आणि रेझिस्टर सिरीजमध्ये असताना लोड लाइनने करंट कसा काढतात? ०.७ व्होल्ट धरून गणित सुटतंच, मग आलेखाची भानगड कशाला?

भानगड कशाला, हे सप्लाय किती व्होल्टचा आहे त्यावर ठरते, आणि नेमक्या याच मुद्द्यावर डिप्लोमाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझे गुण कापले गेले होते, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो.

सर्किट अगदी साधे होते: १ व्होल्टचा सप्लाय, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि 1N4148 डायोड. मी मिलीअँमीटर मध्ये घातला नाही, कारण त्याचा स्वतःचा ड्रॉप इतक्या कमी व्होल्टेजला नडतो. त्याऐवजी रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजले. ते ०.४५ व्होल्ट आले, म्हणजे करंट ०.४५ मिलीअँपिअर. बाह्य परीक्षकांनी जागच्या जागी १ मधून ०.७ वजा करून ०.३ मिलीअँपिअर हे ‘बरोबर’ उत्तर काढले आणि माझे वाचन चुकीचे ठरवले. मीटर तपासून पाहू या, ही माझी विनंतीही त्यांनी ऐकली नाही.

आता लोड लाइन काय सांगते ते पाहा. रेझिस्टरच्या बाजूचे समीकरण I = (V_S − V) / R, इथे V म्हणजे डायोडवरचे व्होल्टेज. ही सरळ रेषा आडव्या अक्षाला १ व्होल्टवर आणि उभ्या अक्षाला १ मिलीअँपिअरवर छेदते. डायोडचा वक्र त्याच कागदावर काढायचा. सिम्युलेटरमध्ये या डायोडसाठी सर्रास वापरले जाणारे मॉडेल (सॅच्युरेशन करंट २.५२ नॅनोअँपिअर, n चे मूल्य १.७५२) घेतले, तर ०.५० व्होल्टला सुमारे ०.१६, ०.५५ ला ०.४७ आणि ०.६० ला १.४ मिलीअँपिअर मिळतात. लोड लाइन याच तीन ठिकाणी ०.५०, ०.४५ आणि ०.४० दाखवते. ०.५० व्होल्टला वक्र रेषेच्या खाली आहे आणि ०.५५ ला किंचित वर गेला आहे, म्हणजे छेदनबिंदू ०.५५ च्या जरासा अलीकडे, ०.५४८ व्होल्ट आणि ०.४५ मिलीअँपिअरपाशी पडतो. परीक्षकांचे उत्तर खऱ्या करंटच्या दोन तृतीयांशच होते. ०.७ व्होल्ट हा आकडा या डायोडला काही मिलीअँपिअरच्या पट्ट्यात शोभतो. त्याच्या खूप खाली तो निव्वळ पाठांतर असतो.

आलेख काढताना विद्यार्थी हमखास फसतात ते डेटाशीटमुळे. तिथल्या फॉरवर्ड वक्रात करंटचा अक्ष बहुधा लॉगरिदमिक असतो, आणि त्यावर पट्टीने लोड लाइन ओढली की उत्तर चुकतेच, कारण लॉग अक्षावर लोड लाइन सरळ राहत नाही. त्या वक्रावरचे पाच-सहा बिंदू वाचून साध्या आलेख कागदावर उतरवावेत आणि मगच रेषा ओढावी. शंका असल्यास छेदनबिंदूचे V आणि I घेऊन I × R + V करावे. बेरीज सप्लायइतकी आली नाही, तर रेषाच चुकली आहे.

कॅल्क्युलेटरने करायचे असल्यास ०.७ पासून सुरुवात करा, त्यावरून करंट काढा, त्या करंटला डायोडच्या लॉग सूत्राने नवे व्होल्टेज काढा: ०.७ नंतर ०.५३, मग ०.५५, मग ०.५४८, आणि आकडा स्थिरावतो. उलट दिशेने, म्हणजे व्होल्टेजवरून घातांकी सूत्राने करंट आणि करंटवरून पुन्हा व्होल्टेज असे गेलात, तर आकडे भलतीकडे उधळतात. या बिंदूपाशी डायोडचा डायनॅमिक रेझिस्टन्स सुमारे १०० ओहम आहे, रेझिस्टरच्या एक दशांश; म्हणून पहिल्या दिशेने चूक प्रत्येक फेरीत साधारण दहापट घटते आणि दुसऱ्या दिशेने तितकीच वाढते.

त्या परीक्षकांसारख्यांशी गाठ पडलीच, तर तोंडी वाद घालू नका. आलेखावर ०.७ व्होल्टची उभी रेषा ओढा आणि तिथे डायोडचा वक्र किती मिलीअँपिअर दाखवतो ते त्यांनाच वाचायला सांगा. या मॉडेलने तो आकडा सुमारे १३ येतो, आणि १ किलोओहममधून १ व्होल्टच्या सप्लायवर १३ मिलीअँपिअर कसे वाहतील, हे त्यांना समजावून सांगावे लागेल.

मात्र सप्लाय १२ व्होल्टचा आणि रेझिस्टर तोच असेल, तर ०.७ ने ११.३ मिलीअँपिअर येतात आणि आलेखानेही जवळजवळ तेवढेच. तिथे कागद वाया घालवू नये. तरी अभ्यासक्रमात मागितलेच, तर १२ व्होल्टचा छेद कागदाबाहेर जातो म्हणून रेषेचे दोन बिंदू ० आणि १ व्होल्टला घ्यावेत, म्हणजे १२ आणि ११ मिलीअँपिअर. आणि वरचे सगळे आकडे साधारण २५ अंश सेल्सिअसचे आहेत. डायोड तापला की त्याचा वक्र दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने डावीकडे सरकतो, त्यामुळे ४० अंशांच्या प्रयोगशाळेत याच सर्किटमध्ये ०.४८ मिलीअँपिअरच्या आसपास वाचन आले तर मीटरला दोष देऊ नये.