रात्रपाळी आणि पुढे जाणारी मासिक पाळी

"मी कुपवाड एमआयडीसीत आठवड्याआड रात्रपाळी करते. 28 दिवसांची पाळी आता 38 दिवसांनी येते. काळजीचं आहे का?"

ताई, आधी घरीच प्रेग्नन्सी टेस्ट करा. मी मिरजेत नर्स आहे. रात्रपाळीवर खापर फोडून बायका हीच पायरी विसरतात, याचं फार वाईट वाटतं.

टेस्ट निगेटिव्ह असेल तर उशीर बहुधा बीज सुटण्यात आहे. रात्रीचा उजेड आणि तुटक झोप यांनी मेंदूकडून बीजकोशाला जाणारे इशारे विस्कळीत होतात. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस मात्र साधारण 14 च राहतात. म्हणजे तुमचं बीज 14 व्या नाही, 24 व्या दिवसाच्या आसपास सुटलं असावं. त्यामुळे 'सुरक्षित दिवस' मोजत असाल तर तो हिशेब आता सोडाच.

तीन महिने पाळीच आली नाही किंवा स्तनातून दुधासारखा स्राव आला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तासाला एक पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर थायरॉईडबरोबर प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोनही तपासायला सांगतील. ते झोपेत वाढतं, अगदी दिवसाच्या झोपेतही. म्हणून उठल्या उठल्या रक्त देऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या.