पातळ एपिथेलियम दिसलं म्हणून लगेच ओएसएमएफ लिहू नका

प्रश्न: थर्ड बीडीएस, नागपूर. ओरल पॅथच्या सगळ्या स्लाइड्स मला सारख्याच गुलाबी-जांभळ्या दिसतात. प्रॅक्टिकलला ओळखायच्या कशा?

ओएसएमएफ आणि इरिटेशन फायब्रोमा या एकाच जोडीवर लिहितो, कारण गोंधळाचं मूळ इथे स्पष्ट दिसतं. बॅचमधून बॅचमध्ये फिरणाऱ्या नोट्समध्ये एक ओळ असते: "पातळ एपिथेलियम, सपाट रेटे रिजेस, खाली दाट कोलॅजन, म्हणजे ओएसएमएफ." ही ओळ फायब्रोमालाही तंतोतंत लागू पडते. म्हणून अशा नोट्स पाठ करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. एपिथेलियम पातळ का झालं, हा प्रश्न विचारला की दोन्ही स्लाइड्स वेगळ्या दिसू लागतात.

फायब्रोमात खालून कोलॅजनची गाठ वाढते आणि वरचं एपिथेलियम ताणलं जातं. म्हणून ते घुमटाच्या माथ्यावर सगळ्यात पातळ असतं आणि कडेला उतरलं की रेटे रिजेस पुन्हा दिसू लागतात. ओएसएमएफमध्ये ताण नसतो. आपल्याकडचा खर्रा घ्या: सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टला जास्त कोलॅजन बनवायला लावतं, आणि सुपारीतल्या तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज वाढून ते कोलॅजन एकमेकांत घट्ट बांधलं जातं. त्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि एपिथेलियमचा पुरवठा घटतो. म्हणून इथे ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झिजलेलं असतं.

आता स्लाइड हातात घ्या. मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी ती उजेडासमोर धरा. तीन बाजूंनी जांभळी किनार असलेला घुमट दिसला तर फायब्रोमाकडे झुका. एकाच बाजूला किनार असलेली सपाट पट्टी असेल तर ओएसएमएफचा विचार करा. मग ४एक्सवर पूर्ण सेक्शन फिरून पाहा आणि एपिथेलियमची जाडी माथ्यावर व कडेला ताडून पाहा. थेट ४०एक्स लावणारा विद्यार्थी नेमकी हीच माहिती गमावतो, कारण त्या लेन्सखाली गुलाबी कोलॅजनचा एवढासा तुकडाच दिसतो.

खरा निर्णय १०एक्सवर होतो. एपिथेलियमच्या लगेच खाली बघा. ओएसएमएफमध्ये तिथे गुळगुळीत, एकसारखा गुलाबी पट्टा असतो, ज्यात तंतू वेगळे काढता येत नाहीत. हेच जक्स्टाएपिथेलियल हायलिनायझेशन. रक्तवाहिन्या चिंचोळ्या किंवा बंद, फायब्रोब्लास्ट मोजकेच, मध्ये लिम्फोसाइट्स आणि प्लाझ्मा सेल्स. फायब्रोमात कोलॅजनचे जुडगे वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतात आणि उघड्या रक्तवाहिन्या सहज सापडतात.

पट्ट्याच्या खाली स्नायू दिसला तर तो कोलॅजन समजू नका; एच-अँड-ई मध्ये दोन्ही गुलाबीच असतात. ४०एक्सवर डायफ्रॅम थोडा बंद करा, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढून स्नायूच्या आडव्या रेघा आणि कडेला असलेले न्यूक्लिआय दिसतील. गालाच्या बायॉप्सीत हा स्नायू सापडणं आणि तो झिजलेला असणं ओएसएमएफच्या बाजूने जातं.

चित्र काढताना बरेच जण सवयीने कोलॅजनच्या लाटांसारख्या रेघा एपिथेलियमपर्यंत नेऊन भिडवतात. ओएसएमएफमध्ये तिथे रेघा काढू नका. पट्टा सपाट गुलाबी भरा आणि त्याखाली रेघा सुरू करा. नाहीतर नाव ओएसएमएफचं आणि चित्र फायब्रोमाचं होतं.

आता अपवाद. वर सांगितलेलं वर्णन पुढच्या टप्प्याचं आहे. पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या चार टप्प्यांपैकी अगदी सुरुवातीच्या टप्प्यात बारीक तंतू, सूज, फुगलेल्या रक्तवाहिन्या आणि न्यूट्रोफिल्स दिसतात, कधी इओसिनोफिल्सही. तिथे हायलिनायझेशन शोधत बसलात तर फसाल. बायॉप्सीचा तुकडा वळलेला असला तर सपाट पट्टीही घुमटासारखी दिसते, म्हणून उजेडासमोरचा अंदाज १०एक्सवर पडताळल्याशिवाय लिहू नका. आणि ओएसएमएफ ओळखून थांबू नका, ४०एक्सवर बेसल लेयर पाहा: तिथे डिस्प्लेसिया असेल तर तोही लिहावा लागतो.

सिस्टच्या स्लाइड्सचा भाग यात राहिला, पण तिथेही लायनिंग तसं का दिसतं इथूनच सुरुवात करा. आणि १०एक्सला नीट दिसणारी स्लाइड ४०एक्सला काही केल्या फोकस होत नसेल तर ती उलटी ठेवली गेली आहे का ते बघा, कव्हरस्लिप वरच्या बाजूला हवी.