मॅच्ड बेटिंगमध्ये तोटा होतच नाही का?

लंडनचा मित्र म्हणतो, मॅच्ड बेटिंगमध्ये तोटा नाहीच. नांदेडहून मी करू का?

नांदेडहून नकोच, 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. मित्राचं गणित मात्र खरं आहे: बुकीच्या फुकट पैजेसोबत त्याच निकालाविरुद्धही पैज लावली, की निकाल काहीही लागो, पैसे उरतात.

समजा, बुकीने 10 पौंडांची फुकट पैज दिली. ती एका संघावर 5.0 भावाने लावायची आणि त्याच संघाविरुद्ध एक्स्चेंजवर, म्हणजे लोक एकमेकांशी पैजा लावतात त्या साइटवर, 5.2 भावाने 7.72 पौंडांची खाई करायची, म्हणजे तो संघ जिंकणार नाही अशी पैज घ्यायची. संघ हरला तर 2 टक्के कमिशन जाऊन 7.57 पौंड मिळतात. जिंकला तर बुकी फुकटचे 10 वगळून 40 देतो, एक्स्चेंजवर 32.42 जातात, उरतात 7.58.

मेख अशी, की ते 32.42 आधीच खात्यात लागतात. नवख्याची खाई अर्धीच लागली, तर उरलेला निव्वळ जुगार. वर बुकीला संशय आला, की तो खात्यावर मर्यादा घालतो.