अनुभव नसलेल्या कामांपुढे कोणाचं नाव?

"मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. साठवलेल्या धान्यातला ओलावा मोजणारं यंत्र बनवलंय, त्यावर व्यवसाय करायचाय. अनुभव म्हणाल तर एक इंटर्नशिप. बिझनेस प्लॅनच्या 'टीम आणि व्यवस्थापन' भागात काय लिहू? ओळखीच्या दोन सरांची नावं सल्लागार म्हणून टाकली तर चालतील का?"

त्या दोघांना विचारलंयस का? प्लॅन वाचणारा सल्लागाराला थेट फोन करू शकतो. "हो, ती एकदा भेटून गेली होती" एवढंच उत्तर मिळालं, तर बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो. म्हणून आधी लेखी होकार घे, आणि महिन्याला किती तास, कोणत्या कामासाठी देणार तेही ठरव.

नावांकडे वळण्याआधी पुढच्या दीड वर्षातली कामं कागदावर मांड. यंत्राची रचना आणि कॅलिब्रेशन तुझं. तिथे इंटर्नशिपचं नुसतं नाव देऊ नकोस, किती नमुने तपासलेस आणि चूक किती टक्के आली ते लिही. शंभर यंत्रं एकसारखी जुळवणं तू कधी केलेलं नाहीस, तसं स्पष्ट लिही. इथे सल्लागार हवा, तोही उत्पादनात वर्षं काढलेला. त्याच्या नावापुढे पदव्यांची माळ नको. "जुळणीची पद्धत आणि पुरवठादारांची निवड तपासून देणार, महिन्याला चार तास" एवढं पुरे. मोबदल्यात कंपनीतला हिस्सा देणार असशील, तर नव्याने सुरू झालेल्या कंपन्यांत तो साधारण पाव ते एक टक्का असतो आणि दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतो. भिडेपोटी पाच टक्के देऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढे तो हिस्सा परत मिळवणं फार अवघड जातं.

सल्लागार सल्ला देतो, गोदामवाल्याच्या दारात तो जाणार नाही. विक्रीला माणूस नेमावाच लागेल, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समज, सातव्या महिन्यापासून नियमित विक्री धरली आहेस. माणूस मिळायला तीन महिने आणि त्याला यंत्र व ग्राहक समजायला दोन महिने धर. म्हणजे शोध दुसऱ्या महिन्यात सुरू होतो आणि पगार पाचव्यापासून. तुझ्या आर्थिक तक्त्यात पगाराची ओळ सातव्या महिन्यात उगवली, तर जाणकाराला ते लगेच दिसतं. त्या ओळीत प्रवासखर्चही धर.

उत्पादनाच्या माणसाला मात्र तारीख देऊ नकोस, अट लाव: "पन्नास यंत्रांची आगाऊ मागणी आल्यावर नेमणूक." तोवर जुळणी कोण करणार? तू. मग त्या महिन्यांत विक्रीच्या भेटींना तुझे किती दिवस उरतात, ते मोजून बघ. दिवस कमी पडत असतील तर विक्रीचा माणूस आणखी आधी आण, किंवा विक्रीचा आकडा खाली आण.