म्हापशाच्या जुन्या बशा ऑनलाइन विकायच्या तर

प्रश्न: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या चिनी मातीच्या बशा दिसतात. त्या घेऊन ऑनलाइन विकल्या तर परवडेल का? काय काय बघावं लागेल?

उत्तर:

परवडेल, पण सुटी बशी घेऊ नका, सेट घ्या. असं का, ते हिशेबातच दिसतं.

समजा २५ सेंमीच्या सहा बशा आहेत. प्रत्येकीला बबल रॅप गुंडाळून त्या उभ्या लावायच्या, कारण आडव्या रचल्या की वरच्यांचा भार खालच्या बशीवर येतो. मग खोक्यात खोकं, आणि मधल्या जागेत कागदाचे बोळे घट्ट. बाहेरचं खोकं ४० × ३५ × ३० सेंमी धरू. बहुतेक कुरिअरवाले या मापांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात: ८.४ किलो. काट्यावर पाच किलो भरलं तरी भाडं ८.४ चंच. दोनच बशा पाठवल्या तर ३५ × ३५ × १५ चं खोकं ३.७ किलोच्या आसपास जातं, म्हणजे दर बशीमागे भाडं आणखी चढतं. म्हणून बाजारात जाताना टेप न्या आणि भाव करण्याआधी खोक्याचा अंदाज काढा.

घेताना बशी बोटांच्या टोकांवर तोलून कडेला टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर केसासारखी चीर असू शकते, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

फोटो खिडकीजवळ, ऊन थेट पडत नसताना काढा. फ्लॅश मारला की झिलईवर पांढरा डाग येतो आणि नेमका टवका त्यात लपतो. टवक्याचा फोटो शेजारी नाणं ठेवून वेगळा द्या, म्हणजे पुढे परत पाठवण्यावरून वाद होत नाही. मागच्या शिक्क्याचा फोटो तर हवाच.

शीर्षकही त्या शिक्क्यावरूनच ठरतं. आपल्याकडे जुनं दिसलं की सरसकट ‘पोर्तुगीजकालीन’ म्हणतात. घर पोर्तुगीज काळातलं असेल हो, बशी जपानची निघते! `Made in Occupied Japan` असा अस्सल शिक्का असेल तर माल १९४५ ते १९५२ मधला. तो हौशी संग्राहक नेमका शोधतात, म्हणून शीर्षक असं टाका:

`Made in Occupied Japan Dinner Plates Set of 6, 25 cm`

‘अँटिक’ लिहू नका. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागू शकतो.

आणि जीएसटी. छोट्या विक्रेत्याला नोंदणीतून जी सूट मिळते ती राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. गोवा केवढा, गिऱ्हाईक मिळणार मुंबई-बंगळूरचं, तेव्हा पहिली बशी घेण्याआधी नोंदणीचं सीएकडे विचारून या.